बाईंना ईमेल लिहिताना : मायना, ‘आपण–तुम्ही’ आणि शेवटची ओळ

प्रश्न : शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंना पंचवीस वर्षांनी ईमेल लिहायचा आहे. त्या आता पंचाहत्तरीच्या आहेत. मी केलेले बारा पानांचे एक भाषांतर त्यांनी पाहावे अशी इच्छा आहे. रोजचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो. असा मसुदा केला आहे : ‘प्रिय मॅडम, मला आशा आहे की हा ईमेल आपल्याला चांगल्या प्रकृतीत सापडेल. तुम्ही माझे भाषांतर लवकरात लवकर तपासून कळवावे. आगाऊ धन्यवाद. आपली विश्वासू.’ काहीतरी चुकते आहे हे जाणवते, पण नेमके काय ते कळत नाही. मायना काय लिहू आणि शेवट कसा करू?

उत्तर :

आधी एक सांगा, शाळेत तुम्ही त्यांना हाक कशी मारत होतात? प्रश्नात तुम्ही त्यांना ‘बाई’ म्हटले आहे आणि मसुद्यात त्यांच्या ‘मॅडम’ झाल्या आहेत. पहिली दुरुस्ती तिथेच हवी. नियतकालिकाच्या संपादनाच्या कामात मी सत्तावीस वर्षे वयाने आणि विद्येने मोठ्या माणसांना पत्रे लिहितो आहे, पहिली काही वर्षे कार्डांवर आणि नंतर ईमेलवर. त्यातून माझी एक पद्धत ठरली आहे. मायन्यातले नाव तोंडी हाकेवरून घ्यायचे. बाईंना बाई, सरांना सर, गावच्या शाळेतल्या गुरुजींना गुरुजी आणि ज्या शाळांत शिक्षिकांना ताई म्हणतात तिथे ताई. पंचवीस वर्षांनी पत्र उघडणाऱ्या माणसाला ती हाक ऐकू आली पाहिजे. ‘मॅडम’ अनादराचा नाही, पण तो बँकेतल्या अधिकारी बाईंनाही चालतो. ‘बाई’ म्हणणारी मात्र त्यांची विद्यार्थिनीच असणार.

आता हाकेच्या आधीचे विशेषण. ‘प्रिय’ इथे बसत नाही. मराठी पत्रात ‘प्रिय’ बरोबरीच्याला किंवा धाकट्याला लिहितात. बाई तुम्हाला उत्तर लिहितील तेव्हा त्या ‘प्रिय’ लिहितील आणि ते शोभेल. इंग्रजीत एकच शब्द सगळ्यांना चालतो, म्हणून तो आपल्या बोटांतून आपोआप उतरतो. ‘माननीय’ हा सभेचा आणि कार्यालयाचा शब्द आहे. मंत्री, कुलगुरू, संस्थेचे अध्यक्ष यांना तो पदामुळे मिळतो. निवृत्त बाईंना लिहिलात, तर निमंत्रणपत्रिका आल्यासारखे वाटेल. ‘गुरुवर्य’ चांगला शब्द आहे, पण तो ‘सर’, ‘गुरुजी’ किंवा आडनावाबरोबर खुलतो. ‘गुरुवर्य बाई’ कानाला अडखळते. तुमच्यासाठी ‘आदरणीय बाई’ हेच योग्य आहे. फक्त तो शब्द पूर्ण लिहा. ‘आ. बाई’ असे लिहिले की आदरात काटकसर केल्यासारखी दिसते.

‘तीर्थरूप’ आणि ‘तीर्थस्वरूप’ यांबद्दल नेहमी विचारले जाते. ‘तीर्थरूप’ आईवडील, आजीआजोबा, काका, मामा अशा घरच्या वडीलधाऱ्यांसाठी. त्यांच्यासारखेच मानलेले पण नात्यातले नसलेले जे मोठे, त्यांच्यासाठी ‘तीर्थस्वरूप’. म्हणजे बाईंना ‘तीर्थस्वरूप’ लिहिता येईल, पण त्यांच्या घरी तुमचे जाणेयेणे असेल आणि त्यांनी तुम्हाला लेकीसारखे वागवले असेल तरच. पंचवीस वर्षे पत्र नाही आणि एकदम ‘तीर्थस्वरूप’, यात न जोडलेली जवळीक गृहीत धरली जाते.

मायन्याची घडणही सांगतो, कारण ती समजली की पुढचे सोपे जाते. जुन्या मराठी पत्रांचा मायना म्हणजे सलग एक वाक्य असे : अमुक यांसी, अमुक याचा नमस्कार, विनंती. मग येथील कुशल कळवून ‘स्वकीय कुशल लिहीत जावे’ असे म्हणायचे आणि ‘विशेष’ हा शब्द लिहून मुद्द्याला हात घालायचा. पेशवेकाळातल्या पत्रांत हा सांगाडा सतत दिसतो. आपण शाळेत पाठ केलेले ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे त्याच वाक्याचे आटलेले रूप आहे. ‘आदरणीय बाई यांस’ यातला ‘यांस’ही तिथूनच आला आहे. म्हणून ‘यांस’ लिहिले तर वाक्य पुरे करा : ‘आदरणीय बाई यांस सादर नमस्कार.’ नुसते ‘यांस,’ लिहून खाली एकदम मजकूर सुरू केला की वाक्य हवेत लोंबकळत राहते. ‘यांस’ नको असेल तर सरळ हाक द्या : ‘आदरणीय बाई, सादर नमस्कार.’ ईमेलमध्ये मी दुसरे रूप पसंत करतो. ‘सा. न. वि. वि.’ आजही चुकीचे नाही. पंचाहत्तरीच्या मराठीच्या बाईंना ते ओळखीचे आणि प्रेमाचे वाटेल. पण तुम्ही ते कधीच लिहीत नसाल तर उसने आणू नका.

यावरून तुमच्या पहिल्या वाक्याचेही कळेल. ‘हा ईमेल आपल्याला चांगल्या प्रकृतीत सापडेल’ हे मराठीत कुणी म्हणत नाही, पण ज्या भावनेने तुम्ही ते लिहिलेत तिला आपल्याकडे जुनीच जागा आहे. आधी आपले कुशल सांगायचे, मग त्यांचे विचारायचे. ‘मी इकडे खुशाल आहे. तुमची प्रकृती कशी आहे?’ एवढे पुरते. वयस्क माणसाला आपली विद्यार्थिनी कुठे असते आणि काय करते हे आधी जाणून घ्यायचे असते. त्यांच्या प्रकृतीविषयी ‘आशा’ व्यक्त करण्यापेक्षा सरळ विचारलेले बरे, कारण विचारले की उत्तर देता येते.

आता तुमच्या मसुद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला बहुतेक पत्रांत दिसते. पहिल्या वाक्यात ‘आपल्याला’ आहे, दुसऱ्यात ‘तुम्ही’ आहे आणि सही करताना पुन्हा ‘आपली’. बाई एकच आणि संबोधने दोन. ‘आपण’ अधिक आदराचे म्हणून पत्राची सुरुवात त्याने होते आणि मनातले बोलू लागलो की जिभेवरचे ‘तुम्ही’ बाहेर येते. वाचणाऱ्याला आदर मध्येच निसटल्यासारखा वाटतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी एक ठरवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत तेच ठेवा.

कोणते ठरवावे? माझे मत, बाईंना ‘तुम्ही’ लिहा. वर्गात तुम्ही ‘बाई, तुम्ही परत सांगा ना’ असेच म्हणत असणार. ‘तुम्ही’ पुरेसे आदरार्थी आहे. ‘आपण’ तिथे वापरावा जिथे ओळख नाही किंवा प्रसंग औपचारिक आहे. शिवाय ‘आपण’ला एक अंगभूत अडचण आहे. ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा मिळूनही होते, आणि ‘आपला’ म्हणजे तुमचा, आपणा दोघांचा किंवा ज्याचा त्याचा स्वतःचा, असे तीन अर्थ होतात. ‘आपल्या भाषांतराविषयी आपण बोलावे अशी इच्छा आहे’ हे वाक्य पाहा. भाषांतर कुणाचे? बोलायचे कुणी, बाईंनी की दोघींनी? ‘माझ्या भाषांतराविषयी तुमच्याशी बोलायचे आहे’ म्हटले की गुंता संपतो. तरीही ‘आपण’च लिहायचे ठरवले, तर क्रियापदावर लक्ष ठेवा. ‘आपण आलात’, ‘आपण पाहाल’ हे समोरच्यासाठी. ‘आपण आलो’, ‘आपण पाहू’ हे दोघांसाठी. आणि जिथे ‘माझे’ लिहिता येते तिथे ‘आपले’ लिहू नका.

सर्वनाम हाच आदराचा काटा आहे असेही नाही. कितीतरी घरांतून ‘तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.’ असा मायना आणि पुढच्याच ओळीत ‘तू कशी आहेस?’ अशी पत्रे गेली आहेत आणि त्यात कुणाला अनादर दिसला नाही. मायन्याने मान दिला, ‘तू’ने माया. शिक्षकांच्या बाबतीत मात्र ती मुभा नाही. तिथे आदरार्थी अनेकवचन प्रत्येक ठिकाणी सांभाळावे लागते, त्यांच्याविषयी तिसऱ्या कुणाला लिहितानाही : ‘बाईंनी शिकवले’, ‘बाई म्हणाल्या होत्या’, ‘सरांना विचारले’. ‘बाईने’, ‘सरला’ ही रूपे घाईत लिहिली जातात आणि वाचणाऱ्याला लगेच खुपतात.

मग विनंती. ‘तपासून कळवावे’ व्याकरणाने शुद्ध आहे आणि ‘-वे’ने संपणारे रूप आदराचे समजले जाते, म्हणून तुम्ही ते वापरलेत. पण हेच रूप कार्यालयीन पत्रांतही असते : ‘अहवाल तात्काळ सादर करावा’. पुढे ‘ही विनंती’ जोडले नाही तर ते हुकमाकडे झुकते, आणि ‘लवकरात लवकर’ त्याला जोडले की झुकतेच. मोठ्या माणसाकडे काम मागताना मराठीत दोन वाटा आहेत. एक विनंतीची : ‘सवडीने पाहावे ही विनंती.’ दुसरी जरतरची : ‘सवडीने पाहिलेत तर मला फार बरे वाटेल.’ ‘तुम्ही’ ठरवले असेल तर दुसरी वाट अधिक जुळते. तुम्हाला काही मुदत असेल तर ती तुमची अडचण म्हणून सांगा : ‘मला ते महिनाअखेर द्यायचे आहे, पण तुम्हाला तोवर जमले नाही तरी काही हरकत नाही.’ काम किती आहे तेही सांगा. बारा पाने हा आकडा त्यांना ठरवायला मदत करतो. पंचाहत्तरीत पडद्यावर वाचणे जड जात असेल, म्हणून छापील प्रत घरपोच पाठवायची तयारी दाखवा. इथे आदर म्हणजे नेमके हेच.

‘आगाऊ धन्यवाद’ काढून टाका. एक तर ‘आगाऊ’ म्हटले की मराठी कानाला आधी आगाऊपणा ऐकू येतो. दुसरे असे, की काम होण्यापूर्वी आभार मानले की नकाराची जागा उरत नाही. कामाच्या पहिल्याच वर्षी मी एका वयोवृद्ध अभ्यासकांना लेखाची मुदत कळवून खाली हेच दोन शब्द लिहिले होते. त्यांनी लेख वेळेवर पाठवला, पण सोबतच्या कार्डावर लिहिले की आभार काम झाल्यावर मानावेत, आधी मानले तर ती वसुली होते. ते कार्ड मी जपून ठेवले आहे. आणि ‘धन्यवाद’ हा शब्द जवळच्या मोठ्यांशी तसाही थोडा परका पडतो. आईने ताट वाढल्यावर आपण धन्यवाद म्हणत नाही. छान झाले होते म्हणतो. बाईंना लिहा : ‘तुमची नजर एकदा त्यावरून फिरली तर मला धीर येईल.’ कृतज्ञता त्यात आलीच.

शेवटच्या ओळीकडे येऊ. ‘आपली विश्वासू’ ही अर्जाची आणि व्यवहाराच्या पत्राची सही आहे. बँक, वीजमंडळ, मालाची मागणी इथे ती ठीक. बाईंचा तुमच्यावर विश्वास आहेच, तो सहीत कळवायचा नसतो. ‘आपली आज्ञाधारक’ रजेच्या अर्जात शोभते. ‘आपली नम्र’ कुठेही चालते, म्हणून अनोळखी मोठ्यांसाठी मी तेच सुचवतो. पण तुमच्याजवळ यापेक्षा चांगला शब्द आहे : ‘तुमची विद्यार्थिनी’. ते नाते खरे आहे आणि दुसऱ्या कुणाला ते लिहिता येणार नाही. तुम्ही ‘तुम्ही’ वापरणार म्हणून इथेही ‘तुमची’, ‘आपली’ नव्हे. शुद्धलेखन जपा, त्या मराठीच्या बाई आहेत : ‘विद्यार्थिनी’मध्ये ‘र्थि’ ऱ्हस्व आणि ‘आशीर्वाद’मध्ये ‘शी’ दीर्घ. या दोन शब्दांत उलटसुलट चुका फार होतात, आणि नेमके हेच दोन शब्द अशा पत्रात सर्वांत ठळक जागी असतात.

सहीच्या आधी एक निरोपाची ओळ लागते. ‘कळावे, लोभ असावा’ ही जुनी ओळ मला अजूनही सुंदर वाटते. यातला लोभ म्हणजे माया. तरुण वाचकाला हाव आठवते, पण तुमच्या बाईंना नाही आठवणार. नुसते ‘कळावे’ लिहून थांबणे मात्र तुटक वाटते. एक दिशाही लक्षात घ्या. नमस्कार खालून वर जातो आणि आशीर्वाद वरून खाली येतो. म्हणून मोठ्यांना ‘अनेक शुभेच्छांसह’ लिहून निरोप घेऊ नये. वाढदिवसाची गोष्ट वेगळी, तेव्हा ‘शुभेच्छा’बरोबर नमस्कारही लिहितात. एरवी ‘तुमचे आशीर्वाद असावेत’ किंवा ‘प्रकृतीस जपावे’. बाईंच्या यजमानांची तुम्हाला ओळख असेल, तर त्यांनाही नमस्कार सांगा. पण इतक्या वर्षांत घरात काय घडले असेल हे आपल्याला ठाऊक नसते. खात्री नसेल तर ‘घरी सर्वांना नमस्कार’ एवढेच लिहा. याच कारणाने नावामागे ‘सौ.’ लावण्याऐवजी ‘श्रीमती’ लावावे, किंवा तुमच्यासारखे, नुसते ‘बाई’.

हे सगळे जोडले की पत्र साधारण असे होईल :

> विषय : शाळेतली तुमची विद्यार्थिनी – एक विनंती
>
> आदरणीय बाई,
>
> सादर नमस्कार.
>
> मी (माहेरचे पूर्ण नाव), दहावी ‘ब’च्या १९९९ च्या तुकडीतली. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायचे. व्याकरणाच्या तासाला तुम्ही मला फळ्यावर समास सोडवायला बोलावले की हात थरथरायचे, तीच मी. आता परगावी नोकरी करते, खुशाल आहे. तुमची प्रकृती कशी आहे?
>
> गेल्या वर्षभरात मी एका कथेचे मराठी भाषांतर केले आहे. बारा पाने आहेत. भाषा कुठे परकी वाटते ते माझे मला कळेनासे झाले आहे. तुम्ही सवडीने पाहिलेत तर मला धीर येईल. पडद्यावर वाचणे त्रासाचे असेल तर मोठ्या अक्षरातली छापील प्रत घरी पाठवते. सध्या जमण्यासारखे नसेल तरीही मोकळेपणाने कळवा.
>
> घरी सर्वांना नमस्कार. प्रकृतीस जपावे. लोभ असावा.
>
> तुमची विद्यार्थिनी,
> (माहेरचे नाव, कंसात आताचे नाव)

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. नाव माहेरचे आधी, कारण बाईंच्या हजेरीपटात तेच होते. आणि एक बारीक आठवण, कारण पंचवीस वर्षांत शेकडो मुली हाताखालून गेलेल्या शिक्षिकेला नुसत्या नावावरून चेहरा आठवेलच असे नाही. बाक आणि समास मी नमुन्यादाखल घातले आहेत; तिथे तुमची खरी आठवण लिहा. या पत्रात ‘प्रकृतीस जपावे’ आणि ‘कळवा’ दोन्ही आहेत. ‘जपावे’ ही ठरीव निरोपाची ओळ आहे म्हणून ती तशी खपते. उलट ‘कळवा’च्या जागी ‘कळवावे’ केले असते तर मोकळेपणा गेला असता.

पाठवण्याआधी मजकुराच्या खाली नजर टाका. कार्यालयाच्या खात्यातून लिहीत असाल तर तिथे इंग्रजी नाव, हुद्दा, कंपनीचे चिन्ह आणि गोपनीयतेची सूचना आपोआप चिकटते, आणि ‘तुमची विद्यार्थिनी’च्या खाली तुमचा हुद्दा दिसतो. ते खोडा, किंवा घरच्या खात्यातून पाठवा. फोनवरून लिहीत असाल तर Sent from my iPhone यासारखी ओळही काढा. भाषांतर पहिल्याच पत्राला जोडू नका. आधी विचारा, हो म्हणाल्या की पाठवा.

प्राध्यापक किंवा मार्गदर्शक असतील तर हेच थोडे बदलून चालते : ‘आदरणीय देशपांडे सर, सादर नमस्कार’, सर्वनाम ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ जे समोर बोलता ते, सही ‘आपला विद्यार्थी’ किंवा ‘तुमचा विद्यार्थी’. ‘श्री. देशपांडे सर’ असे दुहेरी करू नका, ‘श्री.’ लावले तर पूर्ण नाव आणि पुढे ‘यांस’, ‘सर’ लावले तर ‘श्री.’ नको. कधीच न भेटलेल्या ज्येष्ठांना मात्र ‘आदरणीय’ नंतर पूर्ण नाव, ‘यांस सादर नमस्कार’, आतमध्ये सगळीकडे ‘आपण’ आणि खाली ‘आपली नम्र’. तिथे ‘लोभ असावा’ नको. अजून लोभ जडलेला नाही.

बाईंचे उत्तर बहुधा ‘प्रिय’ आणि तुमच्या नावाने सुरू होईल, कदाचित ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद असेही असेल, आणि तुम्हाला त्या ‘तू’ म्हणतील. पाहून तुम्हीही मोकळ्या व्हाल, पण त्यांचा मायना त्यांना परत पाठवू नका. दुसऱ्या पत्रापासून ‘आदरणीय’ गळाले तरी चालेल. ‘बाई, नमस्कार.’ एवढी सुरुवात पुरे. नमस्कार मात्र दहाव्या पत्रातही ठेवा.